सोबत जोडलेल्या अटी

आमचे सेलूमध्ये कपड्यांचे छोटे दुकान आहे. ड्रेस मटेरियल, बुरखे, ओढण्या आणि लहान मुलांचे तयार कपडे. वर्षभर जेमतेम चालते. खरी कमाई रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत होते. 2024 च्या रमजानमध्येही आम्ही बँकेच्या कॅश क्रेडिटमधून पैसे उचलून माल भरला होता. ईद आठवड्यावर आली असताना एका रात्री दोनच्या सुमारास दुकान बंद करून घरी आलो. सहरी झाली, फज्रची नमाज झाली, आणि शेजारच्या चहावाल्याने येऊन सांगितले, "भाईजान, तुमचं शटर अर्धं वर आहे."

आत जाऊन पाहिले तर भारी माल ठेवलेला मधला कप्पा रिकामा होता. पोलीस आले, पंचनामा झाला. शटरचा कोयंडा थोडा वाकलेला होता, पण कुलूप कुठेच नव्हते. चोर ते सोबत घेऊन गेले असावेत. पंचनाम्यात लिहिले गेले, "कुलूप मिळून आले नाही." त्या क्षणी या चार शब्दांकडे आम्ही लक्ष दिले नाही. आम्हाला वाटत होते, विमा आहे, निदान बँकेचे पैसे तरी फिटतील.

विमा होताच. कर्ज घेतल्यापासून सात वर्षे बँक आमच्या खात्यातून दरवर्षी हप्ता कापून घेत होती. पाच लाखांपर्यंतचे घरफोडीचे संरक्षण होते. बिले, स्टॉक रजिस्टर, एफआयआर, पंचनाम्याची नक्कल असे सगळे कागद देऊन आम्ही 2,86,400 रुपयांचा दावा केला. कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने मोजमाप केले, फोटो काढले. जुलैमध्ये पत्र आले: दावा नामंजूर. कारण दिले होते की पॉलिसीतील एका अपवादानुसार, जागेत जोर-जबरदस्तीने शिरल्याच्या दिसतील अशा खुणा नसतील तर नुकसान देय नाही. आणि सर्व्हेअरला तशा खुणा आढळल्या नाहीत.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून उत्तर लिहिले. तीन पाने भरली. सणाच्या तोंडावर आमच्यावर काय गुजरले, मुलांना नवे कपडे कसे घेता आले नाहीत, कोयंडा वाकलेला तुम्हाला कसा दिसला नाही, चोर काय हवेतून आले का, असे सगळे. ते पत्र पाठवण्याआधी परभणीला मामूंना दाखवायचे ठरवले. मामूंनी उभे आयुष्य कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन अर्ज-नोटिसा टाइप करण्यात घालवले आहे. वकील नाहीत, पण कोणत्या कागदाने काम होते आणि कोणता कागद उलटतो हे त्यांना पाठ आहे.

मामूंनी पत्र वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "ही खुणांची अट तुम्हाला कधी कळली?"

"या पत्रातून."

"मग पत्रात हे कुठं लिहिलंय? तुम्ही तर तीन पानं अट पुरी झाली की नाही यावरच भांडताय. म्हणजे अट तुम्हाला माहीत होती, मान्य होती, असंच वाचणारा धरून चालणार."

आमच्या सगळ्या प्रकरणाला वळण मिळाले ते या वाक्याने. अट लागू पडते का, हा एक प्रश्न. अट आमच्यापर्यंत पोहोचली होती का, हा त्याच्या आधीचा प्रश्न. आम्ही पहिला सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारली होती, आणि तिथे आमची बाजू कच्ची होती. कोयंडा वाकलेला होता, पण जुन्या शटरचा कोयंडा वाकडा असूच शकतो, असे सर्व्हेअर म्हणू शकत होता.

आम्ही म्हणालो, "पण मामू, पोलिसांनी तर घरफोडीचंच कलम लावलंय." तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची 457 आणि 380 ही कलमे एफआयआरमध्ये होती. मामूंनी समजावले की खरी गोम इथेच आहे. त्या फौजदारी कायद्यात बनावट चावीने कुलूप उघडून शिरणे हीसुद्धा घरफोडीच धरली जात होती. आपण बोलतानाही तिला घरफोडीच म्हणतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर शब्द तोच असतो. पण आतल्या बारीक अक्षरात त्याचा अर्थ आवळून टाकलेला असतो: नुसते शिरून चालणार नाही, जबरदस्ती हवी आणि तिची खूण दिसायला हवी. सर्वोच्च न्यायालयानेही 2004 साली हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात सांगितले आहे की पॉलिसीत जबरदस्तीची अट असेल तर ती पाळावी लागेल. कंपन्या तोच निकाल पुढे करतात. म्हणून, ज्याला हा आवळलेला अर्थ कधी सांगितलाच नाही, त्याच्यावर तो लादता येतो का, हे आधी विचारायचे.

"आता घरी जा," मामू म्हणाले, "आणि पॉलिसीचे सगळे कागद शोधा. मनापासून शोधा. अटींचं पुस्तक सापडलं, तर हा मुद्दा सोडून द्यायचा. मिळालेली वस्तू मिळाली नाही असं लिहून मी देणार नाही, तुम्हीही लिहायचं नाही."

त्या दोन दिवसांची आठवण आजही अस्वस्थ करते. आम्हा दोघांपैकी एकाला नक्की आठवत होते की काहीच आले नव्हते. दुसऱ्याला बँकेचा एक खाकी लिफाफा आठवत होता, जाडसर. पैशांची निकड इतकी होती की लिफाफा सापडूच नये असे मनात येऊन गेले, आणि त्या विचाराची लाजही वाटली. अम्मीच्या लोखंडी पेटीत, घरपट्टीच्या पावत्यांखाली तो लिफाफा सापडला. आत चार वर्षांची शेड्यूल होती, प्रत्येकी दोन पाने: आमचे नाव, दुकानाचा पत्ता, विम्याची रक्कम, हप्ता, आणि बँकेकडे माल तारण असल्याची नोंद. दुसऱ्या पानाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा: ही पॉलिसी सोबत जोडलेल्या अटी व अपवादांना अधीन आहे.

सोबत काहीही जोडलेले नव्हते. चारही वर्षांच्या कागदांना स्टेपलची एकच पिन होती, दोन पानांची. शेड्यूलवर आमचा म्हणून जो ई-मेल छापला होता, तो आमचा नव्हताच. तो बँकेच्या शाखेचा होता.

मामूंनी ती ओळ पाहिली आणि पहिल्यांदा हसले. अटी जोडल्या आहेत असे कंपनीच म्हणते, म्हणजे त्या जोडून देणे हे आपले काम आहे हे तिनेच मान्य केले आहे. आता त्या दिल्याचा पुरावा तिनेच दाखवायचा. "मिळाले नाही" हे आपण कसे सिद्ध करणार? न आलेल्या टपालाची पोच कुणाकडे असते? पाठवले असेल तर पाठवणाऱ्याकडे पावती असते.

नवे उत्तर एका पानात बसले. त्याची बांधणी इथे सविस्तर सांगतो, कारण अशी पत्रे अनेक घरांत येतात.

सुरुवातीला पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक, नामंजुरीच्या पत्राची तारीख, आणि ज्या अपवादाचा आधार घेतला त्याचे शब्द जसेच्या तसे. मग पहिला मुद्दा: आम्हाला फक्त दोन पानांचे शेड्यूल देण्यात आले, हा अपवाद असलेला दस्तऐवज पॉलिसी घेताना, नूतनीकरणाच्या वेळी किंवा नंतर कधीही देण्यात आला नाही, वाचून दाखवला गेला नाही, त्यामुळे तो आमच्यावर बंधनकारक नाही. त्याखाली सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल.

पहिला 2000 सालचा, मॉडर्न इन्सुलेटर्सचा. तिथेही विमा घेणाऱ्याला कव्हर नोट आणि शेड्यूल एवढेच मिळाले होते. न्यायालयाने म्हटले की विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो. ग्राहकाने काही लपवायचे नसते, तसे कंपनीनेही. आणि न कळवलेल्या अपवादाचा फायदा कंपनीला घेता येणार नाही. दुसरा एप्रिल 2019 चा, भारत वॉच कंपनीचा. हे प्रकरण तर आमचेच वाटावे असे होते: चोरीचा विमा, जबरदस्तीच्या खुणा नाहीत म्हणून नकार, आणि आधाराला तोच हरचंद राय निकाल. न्यायालयाने फरक दाखवला की हरचंद राय प्रकरणात पॉलिसीचा दस्तऐवज ग्राहकाला मिळाल्याबद्दल वादच नव्हता. इथे अपवादाच्या अटी कळवल्याच नव्हत्या, म्हणून त्या लागू होत नाहीत. त्या ग्राहकाने हा मुद्दा जिल्हा मंचापासूनच मांडला होता, आणि तो निकालात उपयोगी पडला. पहिल्याच उत्तरात तो लिहिण्याचा मामूंचा आग्रह त्यासाठीच होता. वर गेल्यावर आठवलेला मुद्दा बनवलेला वाटतो.

दुसरा मुद्दा "वरील म्हणण्याला बाधा न येता" अशा शब्दांनी सुरू केला. म्हणजे, अट लागू आहे असे आम्ही मानत नाही. पण कुणी मानलीच, तरी कोयंडा वाकलेला आहे, कुलूप गायब आहे, त्याच सकाळचे फोटो सोबत आहेत. आमची तीन पाने इथे तीन ओळींत आली. मुलांच्या कपड्यांचे दुःख गाळले.

शेवटी चार कागदांची मागणी: अटींसह पूर्ण पॉलिसीची साक्षांकित प्रत, आमच्या सहीचा प्रस्ताव अर्ज, सर्व्हेअरचा अहवाल, आणि अटी आम्हाला कधी, कोणत्या पत्त्यावर, कशाने पाठवल्या त्याची पावती. पंधरा दिवसांची मुदत. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह, आणि तेच ई-मेलने.

यातला प्रस्ताव अर्ज मागवणे आम्हाला धोक्याचे वाटले होते, कारण सही तर आम्ही केली होती. बँकेत कर्जाच्या गठ्ठ्यात जिथे पेन्सिलची फुली होती तिथे. पण मामू म्हणाले, त्यांच्याकडे काय आहे ते आत्ताच कळलेले बरे. अर्ज आला. इंग्रजीत, दुसऱ्याच्या अक्षरात भरलेला. अर्जदाराने स्वतः भरला नसेल किंवा त्याला ती भाषा येत नसेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचे प्रमाणपत्र शेवटी असावे लागते. ती चौकट कोरी होती.

ऑगस्टमध्ये कंपनीचे उत्तर आले. पाठवल्याची पावती नव्हती. तिच्याऐवजी तीन सबबी होत्या. तुम्ही सात वर्षे नूतनीकरण करता आहात, तेव्हा अटी माहीत असणारच. अटी आमच्या संकेतस्थळावर आहेत. आणि प्रत बँकेला दिली होती.

पहिल्या सबबीला भारत वॉचमध्येच उत्तर होते. तिथे कंपनीने दहा वर्षांचा हिशेब मांडला होता, तरी चालला नाही. न दिलेला कागद सात वेळा दिला नाही म्हणून दिल्यासारखा होत नाही. दुसऱ्या सबबीवर आम्ही लिहिले की पॉलिसी आमच्या हाती द्यायची होती. आम्ही ती शोधून काढावी असे शेड्यूलवर कुठे म्हटलेले नाही, तिथे "सोबत जोडलेल्या" असे म्हटले आहे. तिसरी सबब सर्वांत गोड होती आणि सर्वांत पोकळ. बँक त्या कंपनीची कॉर्पोरेट एजंट होती. विमा विकल्याबद्दल तिला कमिशन मिळत होते. आपल्याच एजंटाच्या हाती कागद ठेवणे म्हणजे डाव्या हातातून उजव्या हातात देणे. विमाधारक आम्ही होतो, बँक नव्हे.

आता पुढे कुठे जायचे? आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते की अटच मुळात अन्यायकारक आहे, त्यावरच भांडावे. चोराने खूण ठेवावी अशी अपेक्षा धरणारा विमा तो कसला? मन भरून येणारा मुद्दा आहे, आणि खोटाही नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करार ही संकल्पना आहे. पण त्या कायद्यानुसार अनुचित कराराची तक्रार परभणीच्या जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. शिवाय अट अनुचित आहे हे आपण पटवून द्यायचे असते, आणि जबरदस्तीची अट घरफोडीच्या विम्यांत जुनी आहे, न्यायालयांनी मान्य केलेली आहे. "अट कळवली नाही" या मुद्द्यात मात्र पुरावा कंपनीने आणायचा, आणि तो सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगापुढेही मांडता येतो. अन्याय मोठा दिसतो म्हणून तो मुद्दा मोठा ठरत नाही.

जिल्हा आयोगाला दोन वर्षांची मुदत असते. आमच्या दुकानासारख्या एकट्याच्या मालकीच्या धंद्याला त्याआधी विमा लोकपालांचा रस्ता खुला होता. परभणीसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर तिथून एका वर्षाच्या आत जावे लागते. तोच वाद आधी ग्राहक आयोगात दाखल केला असेल तर मात्र लोकपाल घेत नाहीत, म्हणून क्रम महत्त्वाचा. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधून ठेवतो. आपल्याला तो पटला नाही तर आयोगाचा दरवाजा उघडा राहतो.

सप्टेंबरमध्ये तक्रार केली. जानेवारीत मोबाइलवर व्हिडिओने सुनावणी झाली. दुकानातच, गिऱ्हाईक नसताना, मोबाइल मोजपट्टीच्या डब्याला टेकवून बसलो. वीस मिनिटे. कंपनीच्या प्रतिनिधीने खुणांबद्दल बरेच सांगितले. मग त्यांना विचारण्यात आले, अटी विमाधारकाला पाठवल्याचा काही पुरावा? ते म्हणाले, नियमित पद्धतीने पाठवल्या जातात. पुन्हा प्रश्न: या विमाधारकाला? उत्तर आले नाही. आम्हाला विचारले, तुम्हाला काय मिळाले होते? आम्ही चारही शेड्यूल कॅमेऱ्यासमोर धरली, पिनेसकट.

निवाडा आमच्या बाजूने लागला, पण पूर्ण रकमेचा नाही. सर्व्हेअरने 2,31,000 रुपयांचे नुकसान मान्य केले होते. ज्या मालाची बिले आमच्याकडे नव्हती तो त्याने धरला नव्हता. तेवढेच मंजूर झाले. त्यातूनही पाच टक्के, म्हणजे 11,550 रुपये वजा झाले, कारण प्रत्येक दाव्यात पाच टक्के नुकसान विमाधारकाने सोसायचे अशी अट होती. आम्ही त्यावर ब्र काढला नाही. ती अट शेड्यूलच्या पहिल्याच पानावर छापली होती, आणि ते पान आमच्या हातात होते. ज्या न्यायाने आम्ही जिंकलो, त्याच न्यायाने हे पैसे गेले. 2,19,450 रुपये बँकेच्या खात्यात जमा झाले आणि बहुतेक सगळे तिथेच वळते झाले.

मोहल्ल्यात ही गोष्ट पसरली, तसे लोक नामंजुरीची पत्रे घेऊन येऊ लागले. त्यातून एक गोष्ट कळली, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा मुद्दा प्रत्येकाला लागू पडत नाही. एका खालांच्या आरोग्य विम्यात मोतीबिंदूसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा होती. त्यांचे पत्रही आमच्यासारखेच लिहायचे ठरले होते. पण त्यांच्या कपाटात कंपनीचे माहितीपत्रक निघाले, त्यावर ही प्रतीक्षा ठळक लिहिलेली, आणि खाली पोच म्हणून त्यांची सही. जानेवारी 2024 पासून आरोग्य विम्यासोबत सोप्या भाषेतले असे माहितीपत्रक देऊन त्याची पोच घेणे कंपन्यांना सक्तीचे आहे. ते मिळाल्यावर "सांगितले नव्हते" हे म्हणणे टिकत नाही, आणि म्हणूही नये. अशा पॉलिसीत कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. वाचायचे ते त्या तीस दिवसांत. खालांना आम्ही ते पत्र पाठवू नका असे सांगितले. त्या नाराज झाल्या.

आपल्याकडे माल विकताना त्यातला दोष झाकून ठेवू नये, गिऱ्हाइकाला दाखवून मग विकावा, अशी शिकवण आहे. आमच्या दुकानात ओढणीला धागा सुटलेला असेल तर आम्ही ती उलगडून दाखवतो आणि मग भाव करतो. कंपनीकडे आम्ही मागितले ते एवढेच होते.

यंदाही हप्ता कापला गेला आणि दोन पानांचे शेड्यूल आले. आम्ही त्याच दिवशी बँकेत आणि कंपनीला पत्र दिले: सोबत जोडलेल्या अटी जोडलेल्या नाहीत, त्या पाठवाव्यात, आणि आमचा ई-मेल दुरुस्त करावा. नऊ दिवसांनी एकोणतीस पाने आली. रात्री दुकान बंद केल्यावर दोघांनी मिळून वाचली. खुणांची अट सतराव्या पानावर आहे. आता ती आम्हाला माहीत आहे, म्हणून आता ती आमच्यावर बंधनकारकही आहे. दुसऱ्या दिवशी शटरला मधोमध एक कुलूप आणि बाहेर एक कॅमेरा बसवून घेतला.